जपानी मुलाखतीतली पहिली पाच मिनिटं: एन-३ झालेल्यांसाठी ओळख आणि बलस्थानांचा संवाद, ओळीओळीने

एन-३ पास झालेली मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यांतली. फर्स्ट शिफ्ट संपवून, डबा पिशवीत तसाच ठेवून थेट वर्गात. वाचायला दिलं तर वाचतात, ऐकलेलं बरंचसं कळतं, कांजीही बऱ्यापैकी. पण 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की गाडी बंद. यात त्यांचा फार दोष नाही. जेएलपीटी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि तिच्या पाचही पातळ्यांवर बोलण्याचा विभागच नाही. त्यामुळे एन-३चं प्रमाणपत्र हातात असलेल्या माणसाने जपानीत सलग एक मिनिट कधीच बोललेलं नसू शकतं.

हा लेख अशा लोकांसाठी आहे. एकच प्रसंग घेते: नाशिकचा एक मुलगा, मेकॅनिकलचा डिप्लोमा, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तीन वर्षं तपासणीच्या कामावर. जपानमधल्या कारखान्यात गुणवत्ता विभागातल्या जागेसाठी त्याची ऑनलाइन मुलाखत आहे. नाव आपण पाटील धरू. मुलाखतीचे दोनच भाग पाहू, आधी ओळख आणि मग बलस्थान. नोकरी का हवी, पगार किती, दोष कोणते हे प्रश्न नंतर येतात; त्यांचा वेगळा लेख होईल.

लिपीबद्दल एक सूचना. जपानी वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत आणि लांब उच्चारासाठी 'ऽ' हे चिन्ह किंवा दीर्घ ई-ऊ वापरले आहेत. 'देस्' आणि 'मास्' मधला शेवटचा 'उ' बोलताना जवळजवळ गळतो, म्हणून तो लिहिलेला नाही. तुमच्या वहीत मात्र हे सगळं हिरागानात उतरवून घ्या. देवनागरीवरून पाठ केलं की ऱ्हस्व-दीर्घ हमखास चुकतं, कारण मराठी बोलताना आपण त्याकडे लक्ष देत नाही. 'शुजिन' म्हणजे नवरा आणि 'शूजिन' म्हणजे कैदी. लग्न झालेल्या विद्यार्थिनींनी तरी हा फरक नीट सांभाळावा.

आपल्याला एक फायदाही आहे. जपानी 'त्सु' हिंदी भाषकांना जड जातो. आपल्याकडे 'चमचा' आणि 'चूल' मधला च आहेच, तो 'त्सु'च्या अगदी जवळचा. 'जग' मधला ज जपानी 'झा'ला चालतो. तोंड आधीच तयार आहे.

जोडणी होण्याआधी

जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. मुलाखत 'सकाळी दहा वाजता' असं पत्रात आलं आणि ती जपानी वेळ असली, तर नाशिकला तेव्हा पहाटेचे साडेसहा असतात. याचा दुसरा परिणाम अभिवादनावर होतो. तुमच्याकडे सकाळचे साडेदहा म्हणून 'ओहायोऽ गोझाइमास्' म्हणालात, तर समोर दुपारचे दोन वाजलेले असतात. वेळेच्या भानगडीत न पडता 'योरोशिकु ओनेगाइ इताशिमास्' म्हणावं, ते दिवसभर चालतं.

दारावर तीनदा टकटक, खुर्चीशेजारी उभं राहणं, 'ओकाके कुदासाइ' म्हणेपर्यंत न बसणं, हे सगळं समोरासमोरच्या मुलाखतीसाठी. ऑनलाइन मुलाखतीत त्याची जागा एका वाक्याने घेतली आहे:

पाटील: पातिरु तो मोऽशिमास्. कोचिरा नो कोए वा किकोएमास् देशोऽ का.
— मी पाटील. माझा आवाज येतोय का?

स्वतःच्या नावाचा कातकाना उच्चार आधी ठरवून ठेवा. 'पाटील'चं 'पातिरु' होतं. तुम्ही 'पाटील' म्हणाल आणि ते 'पातिरु-सान' म्हणतील, तेव्हा दचकू नका. पूर्ण नाव विचारलं तर नाव-आडनाव पुरे. वडिलांचं नाव मध्ये आलं की समोरचा माणूस तीन नावांतलं आडनाव कोणतं ते शोधत बसतो.

ओळख: पाऊण मिनिट

मुलाखत घेणारा म्हणतो:

मुलाखतकार: देवा, जिकोशोऽकाइ ओ ओनेगाइ शिमास्.
— तर मग, ओळख करून द्या.

हा 'देवा' ऐकून पहिल्या वर्गात सगळे हसतात. तो 'तर मग' आहे, धावा नाही.

पाटील:
पातिरु तो मोऽशिमास्. इंदो नो नाऽशिकु नि सुन्दे ओरिमास्. नाऽशिकु वा मुम्बाइ कारा कुरुमा दे योजिकान होदो नो माचि दे, बुदोऽ नो सान्चि तोश्ते शिरारेते इमास्.
कोऽग्योऽ नो सेम्मोन गाक्कोऽ दे, किकाइ ओ बेन्क्योऽ शिमाश्ता. गेन्झाइ वा जिदोऽशा बुहिन नो कोऽजोऽ दे, हिन्शित्सु केन्सा नो शिगोतो ओ श्ते ओरिमास्. सान्नेन्मे देस्.
निहोन्गो वा निनेन माए कारा बेन्क्योऽ श्ते ओरिमास्. क्योनेन, एनु-सान नि गोऽकाकु शिमाश्ता.
होन्जित्सु वा दोऽझो योरोशिकु ओनेगाइ इताशिमास्.

अर्थ असा: मी पाटील. भारतातल्या नाशिकला राहतो. नाशिक हे मुंबईपासून गाडीने चारेक तासांवरचं, द्राक्षांसाठी ओळखलं जाणारं शहर. तंत्रशिक्षणाच्या संस्थेत मशीनचा अभ्यास केला. सध्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतो आहे. हे तिसरं वर्ष. जपानी दोन वर्षांपासून शिकतो आहे. मागच्या वर्षी एन-३ झालो. आज आपली कृपा असावी.

सावकाश म्हटलं तर हे पाऊण मिनिटाच्या आसपास होतं आणि तेवढंच हवं. मुलं इथे दोन मिनिटांचं भाषण पाठ करून येतात, त्यात भाऊ-बहिणी, छंद, आवडते खेळाडू सगळे असतात. समोरचा ऐकतो, पण त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, की हा माणूस सध्या नेमकं काय काम करतो? ते उत्तर दीड मिनिटानंतर आलं तर उशीर झाला.

आता ओळीओळीतले खड्डे.

सगळ्यात मोठा खड्डा 'राहतो' या शब्दात आहे. मराठीत 'मी नाशिकला राहतो' म्हटलं की झालं. त्याच साच्यात 'नाऽशिकु नि सुमिमास्' म्हणाल तर जपानी कानाला ते 'नाशिकला राहायला जाणार आहे' असं लागतं. आत्ता चालू असलेली स्थिती सांगायला 'सुन्दे इमास्' हवं, आणि नम्रतेने 'सुन्दे ओरिमास्'. 'कंपनीत काम करतो' याचंही तसंच: 'हाताराकिमास्' नाही, 'हाताराइते इमास्'. सोपी कसोटी अशी, की मराठीत 'सध्या' हा शब्द जोडून वाक्य बरोबर वाटलं, तर जपानीत '-ते इमास्' लावा.

दुसरा खड्डा आपल्या '-त' आणि '-ला' या प्रत्ययांचा. 'नाशिकला राहतो', 'कारखान्यात काम करतो' असं आपण सहज बोलतो, पण जपानीत राहण्याच्या जागेला 'नि' लागतो आणि काम करण्याच्या जागेला 'दे'. म्हणून 'नाऽशिकु नि सुन्दे', पण 'कोऽजोऽ दे शिगोतो ओ श्ते'. यात एक गंमत आहे. 'नोकरीला असणे' या अर्थाचा 'त्सुतोमेरु' हा धातू पुन्हा 'नि' घेतो. दोन्ही धातू घोळवण्यापेक्षा वरच्यासारखं 'शिगोतो ओ श्ते ओरिमास्' हे एकच रूप पक्कं करा.

तिसरा मुद्दा 'माइरिमाश्ता'चा. पुस्तकांत 'इंदो कारा माइरिमाश्ता', म्हणजे 'भारतातून आलो', असं वाक्य असतं आणि सगळे तेच पाठ करतात. पण मुलगा बसलेला असतो पंचवटीतल्या घरात, मागे आईची शिलाई मशीन दिसते आहे. तो कुठेच आलेला नाही! ऑनलाइन मुलाखतीत 'सुन्दे ओरिमास्' हेच योग्य.

'डिप्लोमा' हा शब्द मुद्दाम टाळला आहे. तो आपल्याकडे दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या शिक्षणाचं नाव आहे, तिकडे त्यातून तेवढा बोध होत नाही. 'कोऽग्योऽ नो सेम्मोन गाक्कोऽ' म्हटलं की चित्र उभं राहतं. द्राक्षांचं वाक्य ठेवलं आहे कारण नाशिक कुठे आहे हे बहुतेकांना माहीत नसतं आणि एक खूण लक्षात राहते. कुंभमेळा सांगायचा मोह आवरा. तो जपानीत समजावता समजावता मुलाखत संपेल.

आणि वरच्या सगळ्या परिच्छेदात 'वाताशि वा' एकदाही नाही, हे पाहिलंत का? मराठीत 'नाशिकला राहतो, अंबडला नोकरी करतो' असं 'मी' न लावता आपण रोज बोलतो. जपानीतही तेच. शाळेतल्या इंग्रजीच्या सवयीने प्रत्येक वाक्य 'वाताशि वा'ने सुरू होतं, आणि पाच वाक्यांत ते पाचदा आलं की ऐकणाऱ्याला 'मी, मी, मी' ऐकू येतं.

नम्रतेची रूपं किती वापरायची? या पातळीला चारच पुरतात: मोऽशिमास्, ओरिमास्, इताशिमास् आणि विनंतीला इतादाकेमासेन का. यापुढे गेलात की आदराचं रूप स्वतःला आणि नम्र रूप साहेबांना, अशी अदलाबदल होते. कमी पण बरोबर असलेलं चांगलं.

बलस्थान: एक गुण, एक गोष्ट

मुलाखतकार: पातिरु-सान नो त्सुयोमि ओ ओशिएते कुदासाइ.
— तुमचं बलस्थान सांगा.

'त्सुयोमि' आणि 'चोऽशो' हे दोन शब्द मुलं एकच समजतात. 'चोऽशो' म्हणजे स्वभावातला चांगला गुण. 'त्सुयोमि' म्हणजे कामात उपयोगी पडणारी ताकद. 'चोऽशो' विचारलं तर 'मी चटकन मिसळतो' चालेल. 'त्सुयोमि' विचारलं की समोरच्याला कारखान्यात दिसणारी गोष्ट हवी असते. दोन्हीसाठी एकच प्रसंग तयार ठेवता येतो, फक्त पहिलं वाक्य बदलायचं.

पाटील:
हाइ. वाताशि नो त्सुयोमि वा, गेन्इन गा वाकारु मादे शिराबे-त्सुझुकेरु तोकोरो देस्.
— कारण समजेपर्यंत शोधत राहणं, हे माझं बलस्थान.

या वाक्यातला 'तोकोरो' गळाला तर सगळं वाक्य मोडतं. वर्गात दर आठवड्याला ऐकू येणारी चूक म्हणजे 'वाताशि नो चोऽशो वा नेबारिझुयोइ देस्'. मराठीत हे 'माझा गुण चिवट आहे' असं होईल. गुण चिवट नसतो, माणूस चिवट असतो. गुण म्हणजे 'चिवटपणा'. आपण 'पणा' लावतो तिथे जपानीत 'तोकोरो' किंवा 'कोतो' येतो: 'नेबारिझुयोइ तोकोरो देस्'. हे एकदा 'पणा'शी जोडून लक्षात ठेवलं की परत चुकत नाही.

गुण कोणता निवडायचा? 'माजिमे' म्हणजे प्रामाणिक, मेहनती. तो प्रत्येक उमेदवार सांगतो, आणि 'गाम्बारिमास्' हे तर वचन आहे, पुरावा नाही. ज्या गुणामागे तुमच्याकडे तारीख, वस्तू आणि आकडा असलेला प्रसंग आहे, तोच गुण घ्या. म्हणजे आधी प्रसंग शोधायचा, गुण त्यातून आपोआप निघतो. पाटीलने उलटं केलं होतं. 'जबाबदारीची जाणीव' हा गुण आधी ठरवला आणि दोन दिवस त्याला साजेसा प्रसंग हुडकत बसला. मग मी विचारलं, 'गेल्या वर्षभरात कामावर कोणत्या गोष्टीने तुझी झोप उडवली?' तेव्हा सकाळच्या खराब मालाची गोष्ट निघाली.

पाटील (पुढे):
इचिनेन माए, कोऽजोऽ दे, आसा नि त्सुकुत्ता बुहिन दाके फुर्योऽ गा ओऽइ तो इउ मोन्दाइ गा आरिमाश्ता.
— वर्षापूर्वी कारखान्यात, फक्त सकाळी बनवलेल्या भागांतच दोष जास्त, अशी अडचण होती.

निशूकान, माइआसा, बुहिन नो सुम्पोऽ ओ हाकात्ते, नोऽतो नि काकिमाश्ता.
— दोन आठवडे रोज सकाळी भागांची मापं घेऊन वहीत लिहिली.

सुरुतो, किकाइ गा हिएते इरु साइशो नो निजुप्पुन दाके, सुम्पोऽ गा झुरेते इरु कोतो गा वाकारिमाश्ता.
— तेव्हा कळलं, की मशीन थंड असतं त्या पहिल्या वीस मिनिटांतच माप सरकतं.

जोऽशि नि सोऽदान श्ते, आसा वा दान्कि उन्तेन ओ श्ते कारा त्सुकुरु योऽ नि शिमाश्ता.
— साहेबांशी बोलून, सकाळी मशीन गरम होऊ दिल्यावरच काम सुरू करायचं असं केलं.

सोनो केक्का, आसा नो फुर्योऽ वा, ह्याक्को नो उचि गोको कारा इक्को नि हेरिमाश्ता.
— परिणामी सकाळचे खराब भाग शंभरात पाचावरून एकावर आले.

ओन्शा दे मो, मोन्दाइ गा ओकिता तोकि, गेन्इन ओ शिराबेते, हिन्शित्सु नो काइझेन नि तोरिकुमिताइ तो ओमोत्ते ओरिमास्.
— आपल्या कंपनीतही अडचण आली की कारण शोधून गुणवत्ता सुधारण्याचं काम करायची इच्छा आहे.

या सहा वाक्यांची बांधणी मराठी माणसाला परकी नाही. क्रियापद शेवटी येतं. 'घेऊन', 'लिहून', 'बोलून' यातला '-ऊन' म्हणजे जपानी '-ते'. 'गरम करून झाल्यावर' म्हणजे '-ते कारा'. 'समजेपर्यंत' म्हणजे 'वाकारु मादे'. म्हणून माझा आग्रह असतो, की प्रसंग आधी मराठीत लिहा, तोही साध्या बोलीत, आणि मग जपानीत न्या. इंग्रजीत विचार करून जपानीत आणलं तर वाक्य दोनदा उलटं फिरवावं लागतं. मात्र मराठीत एका दमात चार-चार '-ऊन' येतात, ते टाळा. एका वाक्यात दोन '-ते' पुष्कळ झाले.

शेवटून दुसऱ्या वाक्यातलं 'हेरिमाश्ता' नीट पाहा. 'हेरु' म्हणजे कमी होणं, 'हेरासु' म्हणजे कमी करणं. 'दोष कमी झाले' आणि 'मी दोष कमी केले' यातला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पाटीलने पहिल्यांदा 'वाताशि वा फुर्योऽ ओ हेराशिमाश्ता' म्हटलं होतं. व्याकरण चोख, पण कानाला बढाई. मापं घेतली, लिहिली, विचारलं, ही त्याची कामं 'केलं' या रूपात आली. परिणाम मात्र 'झाला' या रूपात आला. श्रेय त्यालाच मिळतं, पण ते ऐकणारा देतो.

'ओन्शा' म्हणजे 'आपली कंपनी', हे बोलण्यातलं रूप. अर्जात लिहिताना 'किशा' येतं. अर्ज तुम्हीच लिहिलेला असल्यामुळे तोंडी 'किशा' बसलेलं असतं, ते सोडवायला लागतं.

खरी परीक्षा: पुढचा प्रश्न

पाठ केलेलं उत्तर कसं ओळखायचं हे मुलाखत घेणाऱ्याला ठाऊक असतं. तो मधलाच एक धागा ओढतो.

मुलाखतकार: दान्कि उन्तेन नि हान्ताइ सुरु हितो वा इमासेन देश्ता का.
— मशीन गरम करण्याला विरोध करणारं कोणी नव्हतं का?

नकारार्थी प्रश्न आला की 'हाइ' म्हणावं की 'इइए', यात मुलं अडकतात. त्या फंदात पडूच नका, क्रियापदाने सुरुवात करा.

पाटील: इमाश्ता. सेम्पाइ नो ओपेरेऽताऽ नि, 'निजुप्पुन गा मोत्ताइनाइ' तो इवारेमाश्ता. सोरेदे, नोऽतो नो सूजि ओ मिसेते, इश्शूकान दाके तामेश्ते मोराइमाश्ता.
— होते. एक ज्येष्ठ ऑपरेटर म्हणाले, 'वीस मिनिटं वाया जातात.' मग वहीतले आकडे दाखवून, एकच आठवडा त्यांच्याकडून ते करून घेतलं.

इथे दोन गोष्टी आहेत. पहिली 'तामेश्ते मोराइमाश्ता'. मराठीत 'करून घेतलं' आणि 'करून दिलं' अशी जोडी आहे, तशीच जपानीत '-ते मोराउ' आणि '-ते आगेरु' अशी आहे. जोडी जुळते, पण वापर जुळत नाही. मराठीत 'साहेबांना तक्ता करून दिला' म्हणण्यात काही वावगं नाही. जपानीत वरिष्ठाबद्दल '-ते आगेमाश्ता' म्हटलं की उपकार केल्यासारखं वाटतं. मुलाखतीत '-ते मोराइमाश्ता' भरपूर वापरा आणि '-ते आगेमाश्ता' विसरून जा.

दुसरी गोष्ट आदराची. आपण आपल्या साहेबांबद्दल बाहेरच्यांशी बोलतानाही 'साहेब म्हणाले' असंच म्हणतो. 'साहेब म्हणाला' म्हटलं तर आपणच उद्धट ठरतो. जपानीत आपल्या कंपनीचा माणूस, मग तो मालक का असेना, बाहेरच्यासमोर 'आपल्यातला' असतो आणि त्याला आदराचं रूप लागत नाही. म्हणून 'जोऽशि गा ओश्शाइमाश्ता' चूक. 'म्हणाले'साठी 'इवारेमाश्ता', म्हणजे 'मला सांगण्यात आलं', हे रूप वापरलं की आदर-अनादराचा प्रश्नच मिटतो. घरच्यांचंही असंच. स्वतःच्या वडिलांना 'ओतोऽसान' नाही, 'चिचि' म्हणायचं. मराठी मनाला हे पचायला वेळ लागतो. माझ्या एका विद्यार्थ्याला वडिलांना 'चिचि' म्हणायची लाजच वाटायची.

शब्द कळला नाही तर

मुलाखतकार: साइहात्सु बोऽशि वा दोऽ श्ते इमास् का.

एन-३च्या मुलाला 'साइहात्सु बोऽशि' बहुधा माहीत नसतं. सराव मुलाखतीत एकाने त्यातला फक्त 'बोऽशि' पकडला. 'बोऽशि' म्हणजे टोपी, हे तो पहिल्याच वर्षी शिकला होता. त्याने कारखान्यात सुरक्षेसाठी रोज हेल्मेट घालतो असं ठणकावून सांगितलं. प्रश्न होता, की तीच अडचण पुन्हा येऊ नये म्हणून काय करता? 'अटकाव' या अर्थाचा 'बोऽशि' हा शब्द वेगळा. उच्चार तोच, कांजी निराळी.

अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा शब्दावर बोट ठेवून विचारा:

पाटील: मोऽशिवाके आरिमासेन. 'साइहात्सु बोऽशि' नो इमि ओ ओशिएते इतादाकेमासेन का.
— क्षमस्व. 'साइहात्सु बोऽशि'चा अर्थ सांगाल का?

मुलाखतकार: ओनाजि मोन्दाइ गा माता ओकिनाइ योऽ नि सुरु कोतो देस्.
— तीच अडचण पुन्हा येऊ नये असं करणं.

पाटील: आरिगातोऽ गोझाइमास्. दान्कि उन्तेन ओ चेक्कु शीतो नि इरेते, माइनिचि किरोकु श्ते ओरिमास्.
— धन्यवाद. मशीन गरम करणं तपासणी तक्त्यात घातलं आहे आणि रोज नोंद करतो.

'मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास्', म्हणजे 'पुन्हा एकदा सांगा', हेही चालतं, पण आवाज तुटला असेल तेव्हाच. शब्दच माहीत नसेल तर तो दुसऱ्यांदा ऐकूनही कळत नाही, आणि तिसऱ्यांदा विचारायची हिंमत होत नाही. पाच मिनिटांत एकदा अर्थ विचारणं सहज खपतं. तीनदा विचारावा लागला, तर कारखान्यातले शब्द कमी पडताहेत. तुमच्या शॉपफ्लोअरवर पोका-योके, गेम्बा आणि ५-एसचे फलक असतीलच. त्यांचे जपानी उच्चार आणि त्याच कुटुंबातले फुर्योऽ, केन्सा, सुम्पोऽ, तेजुन, होऽकोकु असे तीसेक शब्द काढून ठेवा. या पाच मिनिटांना तेवढे पुरतात.

विचार करायला वेळ हवा असेल तर 'सोऽ देस् ने' म्हणून दोन सेकंद थांबा. 'एऽतो, आनोऽ' हे आपल्या 'म्हणजे, ते हे' सारखं आहे, एखाददुसरं चालतं. समोरचा बोलत असताना मान हलवून 'हाइ' म्हणत राहा. तो होकार नसतो, 'ऐकतोय' एवढाच त्याचा अर्थ. 'उन्' मात्र नको. ते मित्रांमध्ये ठीक, आपल्या 'हं' सारखं.

सराव कसा करायचा

ओळखीचा परिच्छेद शब्दशः पाठ करा, हरकत नाही. तो बदलत नाही. बलस्थानाचा प्रसंग मात्र पाठ करू नका. एका चिठ्ठीवर सहाच शब्द लिहा: आसा, निशूकान, निजुप्पुन, सोऽदान, दान्कि, इक्को. त्यावरून दर वेळी वाक्यं नव्याने जुळवा. पाठ केलेल्या उत्तरात एक शब्द अडला की पुढचं सगळं जातं. या पद्धतीत एक वाक्य गेलं तरी पुढचा शब्द हाताशी असतो.

फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि ते तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त 'वाताशि' मोजा. दोनपेक्षा जास्त आले तर काढा. दुसऱ्यांदा फक्त लांब उच्चार ऐका: कोऽजोऽ, फुर्योऽ, सुम्पोऽ, सोऽदान. तिसऱ्यांदा वाक्यांचे शेवट ऐका. घाबरलं की आवाज 'मास्'च्या आधीच विरतो, आणि जपानीत होकार-नकार, काळ, नम्रता सगळं त्या शेवटातच असतं. 'शिमाश्ता' आणि 'शिमासेन देश्ता' यातला फरक ऐकूच आला नाही तर बाकीचं वाक्य फुकट.

मग एखादा जोडीदार गाठा. त्याला जपानी येत नसलं तरी चालेल. त्याने तुमची गोष्ट मराठीत ऐकायची आणि मराठीतच आडवे प्रश्न विचारायचे: मापं कशाने घेतली, दोनच आठवडे का, रविवारी काय केलं, साहेब नाही म्हणाले असते तर? तुम्ही जपानीत उत्तर द्यायचं. पाटीलसाठी हे काम त्याच्याच लाइनवरच्या ज्येष्ठ ऑपरेटरने केलं, चहाच्या टपरीवर, सलग चार दिवस. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, 'आणि पावसाळ्यात किती वेळ लागतो मशीन गरम व्हायला?' पाटीलकडे त्याचं उत्तर नव्हतं, मराठीतही नाही. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन पुन्हा मशीनपाशी उभा राहिला.